फ्लू झालेल्या मैत्रिणीला "सूप आणि सामान आणते" असा मेसेज कसा करायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मागच्या ऑगस्टमध्ये माझी एक मैत्रीण, कोथरूडला वन बीएचकेमध्ये एकटी राहते, फ्लूने आडवी झाली आणि मी तिला डबे पोचवले. त्यानंतर ओळखीच्या लोकांनी मला इतक्या वेळा तेच तेच विचारलं की शेवटी सगळं एका जागी लिहून काढलं. मी डॉक्टर नाही, स्वयंपाक बरा करते आणि चुका भरपूर केल्यात, त्या पण खाली आहेतच.

"काही लागलं तर सांग" असा मेसेज केला तर काय बिघडलं?

बिघडत काही नाही, फक्त त्याचा उपयोग शून्य असतो. मी पण हेच लिहिलं होतं. सोमवारी रात्री तिला ताप भरला, मंगळवारी दुपारी ग्रुपवर कळलं, मी लगेच "अगं काळजी घे, काही लागलं तर हक्काने सांग" टाकलं आणि तिचं उत्तर आलं "हो गं ठीके मी, थँक्स" आणि एक हार्ट. मला वाटलं झालं, ठीक आहे म्हणतेय ना. गुरुवारी फोन केला तेव्हा कळलं बाई दोन दिवस चहा आणि ग्लुकोजच्या बिस्किटांवर आहे, बुधवारी दूध संपलं तर काळा चहा.

आता तिच्या बाजूने बघा ना. १०३ ताप, डोकं ठणकतंय, अंग असं दुखतंय की कूस बदलायला नको, आणि अशात तिने आधी ठरवायचं आपल्याला काय हवंय, मग विचार करायचा की हिला एवढं सांगणं बरं दिसेल का, ऑफिसमधून ही दमून येत असेल, मग ते टाइप करायचं. त्यापेक्षा "ठीके" लिहिणं सोपं. आणि आपल्याकडे पहिल्यांदा विचारलं की "नको" म्हणायचं हे तर लहानपणीच अंगात भिनलेलं असतं, पाहुण्यांच्या घरी दुसरा लाडू कसा नको म्हणायचो तसं.

मग नक्की काय लिहायचं?

गुरुवारी मी जो मेसेज केला तो जसाच्या तसा देते:

"अगं ए, उत्तर लिहीत बसू नकोस, फक्त आकडा टाक. मी साडेसहाला ऑफिसमधून निघून तुझ्या बाजूलाच येतेय. १ म्हणजे मुगाचं कढण आणि मऊ भात, २ म्हणजे चिकन सूप, ३ म्हणजे आज नको उद्या बघू. दूध, केळी, अंडी, ब्रेड घेतेच आहे, अजून काही सुचलं तर सहापर्यंत सांग. डबा दाराच्या कडीला अडकवते, बेल वाजवते आणि निघते, आत येणार नाही त्यामुळे घर आवरायला उठलीस तर मार खाशील. पैशाचं नंतर."

चार मिनिटांत उत्तर आलं "१". आणि पाच मिनिटांनी अजून एक, "कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवते नेशील का". हा दुसरा मेसेज म्हणजे काम झालं. एकदा लहान मदत घ्यायला लाज वाटली नाही की खरी गरज आपोआप बाहेर येते.

यात काय काय आहे बघा. वेळ ठरलेली आहे, म्हणजे तिला वाट बघत जागं राहायला नको. निवड आहे पण दोनचीच, नाहीतर "काय खाशील?" हा प्रश्न तोंडाला चव नसलेल्या माणसासाठी गणिताचा पेपरच. नाही म्हणायला पण एक आकडा ठेवलाय, त्यामुळे जबरदस्ती वाटत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आत येणार नाही हे आधीच सांगितलंय. एकटं राहणारं माणूस मदत का नाकारतं याचं अर्धं कारण सिंकमधली भांडी आणि खुर्चीवरचा कपड्यांचा ढीग हेच असतं, विश्वास ठेवा.

मित्र असेल, किंवा ऑफिसमधल्या सीनियर असतील तर?

मित्राला एवढं गोड लिहायची गरज नसते. "सात वाजता येतोय, सूप आणि अंडी आणतोय, दार उघडू नको, काय नको ते सांग" बास झालं. उलट मित्रांना "काय हवं" विचारण्यापेक्षा "काय नको" विचारा, पटकन बोलतात.

ऑफिसमधल्या मॅडम किंवा सोसायटीतल्या काका-काकूंना आकडे पाठवा म्हणणं बरं दिसत नाही. तिथे असं चालतं: "काकू, मी संध्याकाळी मंडईत जातेच आहे, तुमच्यासाठी दूध आणि फळं घेऊ का? आणि घरी मुगाचं कढण केलंय, थोडं डब्यात देते. दाराशी ठेवून जाईन, तुम्ही उठू नका." यातलं "जातेच आहे" आणि "केलंय" हे शब्द मुद्दाम आहेत. माझ्यासाठी खास त्रास घेतला असं वाटलं तर मोठी माणसं हमखास नको म्हणतात, कढण आधीच झालंय म्हटल्यावर मग वाया कशाला घालवा म्हणून घेतात.

आजकाल दहा मिनिटांत सगळं घरपोच येतं, मग आपण कशाला जायचं?

हा प्रश्न मला माझ्या भावाने विचारला आणि तो पूर्ण चुकीचा नाही. तुम्ही दुसऱ्या शहरात असाल तर तेच करायचं. पण आजारी माणसाला "मागव ना अ‍ॅपवरून" म्हणणं वेगळं. त्याला स्क्रीनकडे बघून डोळे दुखतायत, शंभर वस्तूंतून निवडायचंय, मग डिलिव्हरीवाल्याचा फोन, गेटवरून सिक्युरिटीचा फोन, मग दार उघडायचं. माझी मैत्रीण म्हणाली मी दोनदा कार्ट भरली आणि दोन्ही वेळा मध्येच झोपले.

तुम्ही नागपूरला आणि मैत्रीण पुण्यात असेल तर ऑर्डर तुमच्या फोनवरून करा, पैसे आधीच भरा, संपर्काला तुमचाच नंबर ठेवा म्हणजे फोन तुम्हाला येतील, आणि दाराशी ठेवा हा पर्याय निवडा. आणि तिला आधी सांगा. सरप्राइज नको, तापातून झोप लागलेली असताना अनोळखी माणूस बेल वाजवतोय हे सरप्राइज कोणालाच आवडत नाही.

सूपने फ्लू बरा होतो का?

नाही. फ्लू व्हायरसचा आहे, तो साधारणपणे शरीरच परतवून लावतं. तीनचार दिवस ताप, आठवड्याभरात बरीच सुधारणा, खोकला आणि थकवा मात्र दोन आठवडे पण रेंगाळतो. सूप काय करतं तर पाणी, मीठ आणि थोडं पोषण एकाच वाटीत पोटात जातं. ताप चढतो उतरतो तेव्हा घामावाटे पाणी जातं, आणि नुसतं पाणी पी म्हटलं तर ते कडू लागतं म्हणून कोणी पीत नाही. गरम वाफेने चोंदलेलं नाक थोडं सुटतं, घशाला बरं वाटतं. एवढंच, पण त्या दिवशी एवढं खूप असतं.

मुगाचं कढण कसं करायचं? सविस्तर सांगा, मला स्वयंपाक येत नाही असं समजून.

अर्धी वाटी हिरवे मूग घ्या, दोनतीन वेळा धुवा. वेळ असेल तर तासभर भिजवा, नसेल तरी चालतं. चार वाट्या पाणी, चिमूटभर हळद आणि आल्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा ठेचून घालून कुकरला चारपाच शिट्ट्या. कुकर आपला आपण गार होऊ द्या. मग रवीने घोटा आणि मोठ्या गाळणीतून गाळा, सालं वर राहतात. ती टाकून देऊ नका, आपल्या घरच्या थालीपिठात जातात.

गाळलेल्या पाण्यात अजून वाटीभर गरम पाणी घाला. चमचाभर तुपात जिरं तडतडवा, हिंग घाला, ती फोडणी वर ओता, मीठ घाला आणि एक उकळी काढा. तीन वाट्या होतं, म्हणजे एका आजारी माणसाचं रात्रीचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं.

जाडी कशी असावी? कपातून पिता आलं पाहिजे. वाटीत चमचा घातला आणि तो उभा राहतोय असं वाटलं तर ती आमटी झाली, पाणी वाढवा. आणि गार झालं की ते अजून घट्ट होतं, म्हणून डब्यात भरताना आपल्याला जरा पातळच वाटलं पाहिजे.

चिकन सूप कसं?

पाव किलो हाडासकट चिकन, बोनलेस नको, त्याच्या पाण्याला चव येत नाही. सव्वा लिटर पाणी, चारपाच लसणाच्या पाकळ्या, आलं, आठ मिरे नुसते चेचून, एक तमालपत्र. उकळी आली की वर फेस येतो तो चमच्याने काढून टाका, मग गॅस बारीक करून झाकण ठेवून पाऊण तास. गाळा, हाडं बाजूला करा, मांस हाताने अगदी बारीक तोडून परत सूपात.

दोन चुका मी केल्या त्या तुम्ही करू नका. पहिली, हॉटेलसारखं दिसावं म्हणून कॉर्नफ्लोर लावलं, तिने दुसऱ्या दिवशी गरम केलं तर त्याच्या गुठळ्या झाल्या आणि वर पाणी. दुसरी, सर्दी आहे म्हणून मिरपूड सढळ घातली, तिचा घसा आधीच सोललेला, दोन घोट घेऊन वाटी बाजूला. नाकाला बरं वाटतं म्हणून झणझणीत द्यायचं हे आपल्या घशाने ठरवू नका.

आणि हो, ऑगस्ट म्हणजे बहुतेक श्रावण असतो. कोण पाळतं कोण नाही आपल्याला नेहमी माहीत नसतं, म्हणून मेसेजमध्ये शाकाहारी पर्याय पहिला ठेवा, म्हणजे तिला "अगं श्रावण आहे" असं समजवायला नको. सोमवारचा उपास करणारी असेल तर भांडू नका, वरईची पातळ पेज चालते का विचारा. जैन मित्र असेल तर लसूण तर नाहीच पण आलं पण नाही, ते कंदमूळ आहे, नुसतं जिरं आणि हिंग पुरतं.

मीठ किती? ती म्हणाली काहीच चव नव्हती.

नाक बंद असलं की चव लागतच नाही, तुम्ही कितीही मीठ घाला. नेहमीपेक्षा थोडं कमीच घाला आणि मिठाची छोटी पुडी आणि लिंबाची फोड वेगळी द्या. लिंबू आधी पिळून दिलं तर परत गरम करताना कडवटपणा येतो. बीपी असलेल्यांना पाकिटातली तयार सूपं देऊ नका, त्यात मीठ भरपूर असतं, मागचं लेबल वाचा आणि डोळे पांढरे होतील.

डबा कसा न्यायचा? माझा दरवेळी सांडतो.

माझा पण सांडला, कर्वे रोडच्या खड्ड्यात, अ‍ॅक्टिव्हाच्या डिकीत. हेल्मेटच्या आतलं कापड दोन दिवस जिऱ्याच्या फोडणीचा वास मारत होतं. पातळ पदार्थ नेहमीच्या टिफिनच्या डब्यात नेऊ नका, रबराची रिंग आणि चार बाजूंनी क्लिपा असलेला डबा घ्या, वरती दोन बोटं जागा सोडा, झाकण लावून सिंकवर एकदा उलटा करून बघा, मग प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून उभा ठेवा. थर्मास असेल तर सर्वात उत्तम, विशेषतः हॉस्टेल किंवा पीजीमध्ये राहणाऱ्यांसाठी, त्यांच्याकडे गॅसच नसतो.

दोनच गोष्टी लक्षात ठेवा. एकतर इतकं गरम न्या की पोचल्या पोचल्या खाता येईल, नाहीतर नीट गार करून फ्रिजमधलं न्या. कोमट सूप बंद डब्यात चार तास राहणं हा सर्वात वाईट प्रकार, त्यात जंतूंची चैन होते. सूप दोन तासांच्या आत पोटात किंवा फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. लवकर गार करायचं असेल तर पसरट पातेल्यात ओता आणि पातेलं पाण्याच्या परातीत ठेवा. फ्रिजमध्ये दोन दिवस, फार तर तीन. आणि लागेल तेवढंच काढून चांगली उकळी येईपर्यंत गरम करायचं, सगळं सगळं परत परत नाही. आंबूस वास, वर बुडबुडे, तार सुटणं यातलं काही दिसलं तर फेकायचं. पण तिचं नाक बंद आहे, तिला वास येणार नाही! म्हणून डब्यावर चिकटपट्टी लावून तारीख लिहा. मी "गुरु. रात्र, शनि. सकाळनंतर फेक" असं लिहिलं होतं.

सामानात काय काय घ्यायचं?

नियम एकच, चिरायला, सोलायला, निवडायला लागणारं काही नको. मी पहिल्या दिवशी हौसेने मेथीची जुडी नेली होती. हसू नका. ती आठ दिवसांनी पिवळी होऊन कचऱ्यात गेली, आणि कचरा पण मीच नेला.

माझी त्या गुरुवारची पिशवी सांगते. अर्ध्या लिटरच्या दुधाच्या दोन पिशव्या, लिटरची एक नको कारण फोडल्यावर राहते. केळी चार. सहा अंडी, ब्रेड. मेतकूट आणि तांदळाची कणी, म्हणजे ताप उतरला की ती स्वतः मऊ भात लावू शकते. साळीच्या लाह्या, त्या दुधात किंवा नुसत्या पाण्यात भिजवून खाता येतात आणि पोटाला हलक्या. ओआरएसची पाकिटं चार. टिश्यूचा डबा, कचऱ्याच्या पिशव्या, आणि थर्मामीटरचा सेल, कारण तिच्याकडच्या थर्मामीटरवर काहीच दिसत नव्हतं आणि ती हात लावून ताप मोजत होती. शहाळं न्यायचं तर शहाळेवाल्याकडून पाणी स्वच्छ बाटलीत भरून घ्या, तापात कोयता कोण चालवणार, पण ते त्याच दिवशी संपवायचं.

ओआरएस घेताना मेडिकलमधून पावडरचं पाकीट घ्या, ज्यावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं असतं. फळांच्या चवीची खोकी असतात त्यात साखर जास्त असते. यावरून वाद होऊन २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ओआरएस हा शब्दच वापरू नका असा आदेश काढला. मोठं पाकीट असेल तर ते एक लिटर पाण्यातच कालवायचं, ग्लासात अर्धं पाकीट टाकून नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

केळी आणि दही चालतं का? तिची आई फोनवर ओरडते.

केळ्याने कफ वाढतो, दह्याने घसा धरतो, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. फ्लूमध्ये केळं किंवा दही खाऊन आजार वाढतो असं काही नाही, गिळायला सोपं आणि पोटभरीचं असतं. पण आईशी वाद घालायला तुम्ही डबा नेत नाही आहात. तिला खावंसं वाटतंय ते द्या आणि आईला सांगा मऊ भात खाल्ला, जो तिने खाल्लाच आहे.

औषधं पण घेऊन जाऊ का?

डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर जरूर, मेडिकलमध्ये जाणं हे तर मोठं काम वाचतं. स्वतःच्या मनाने नाही. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या तर अजिबात नाही, ती व्हायरसवर चालतच नाहीत.

एक गोष्ट मात्र मेसेजमधून जरूर विचारा, "कुठकुठल्या गोळ्या घेतेयस, स्ट्रिपचा फोटो पाठव". माझ्या मैत्रिणीने पाठवला तर एका बाजूला तापाची पॅरासिटामॉल ६५० आणि दुसऱ्या बाजूला सर्दीची गोळी, आणि सर्दीच्या गोळीत पण पॅरासिटामॉल. म्हणजे नकळत डबल डोस, जो लिव्हरला बरा नाही. तिने डॉक्टरांना फोन करून सर्दीची बंद केली. दुसरं म्हणजे पावसाळ्यात पुण्यात डेंगी पण असतो आणि पहिल्या दोन दिवसांत दोन्ही ताप सारखेच वाटतात, म्हणून अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन असलेल्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, डेंगीत त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

फ्लूवरचं औषध आहे, ओसेल्टामिव्हिर, डॉक्टरच देतात, आणि त्याचा फायदा लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केलं तर जास्त. म्हणून मैत्रीण गरोदर असेल, दमा किंवा डायबेटिस असेल, वय ६५ च्या पुढे असेल, तर पहिल्याच दिवशीचा मेसेज सूपाचा नको, "डॉक्टरकडे कधी जातेयस, मी घेऊन जाते" असा पाहिजे. २००९ ला स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यातच झाला होता, तेव्हा मी कॉलेजला होते, रुमाल बांधून फिरायचो सगळे. म्हणून "फ्लूच तर आहे" हे वाक्य माझ्या तोंडून जरा जपूनच निघतं.

मला पण होईल ना?

होऊ शकतो. लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासून ते साधारण पाचसात दिवस माणूस फ्लू पसरवू शकतं, सर्वात जास्त पहिल्या तीनचार दिवसांत. म्हणूनच दाराची कडी. डबा अडकवायचा, बेल वाजवायची, जिन्यापर्यंत मागे जायचं, आणि तिने दार उघडलं की लांबून हात करायचा. आत जावंच लागलं तर दोघींनी मास्क, खिडकी उघडी, दहा मिनिटांत बाहेर. तुमच्या घरी तान्हं बाळ किंवा आजी असेल तर आत जाऊच नका, तसं सरळ लिहा, "घरी आजी आहेत म्हणून आत येत नाही", कोणी वाईट वाटून घेत नाही.

परत आलेला डबा? स्टीलवर फ्लूचा व्हायरस एकदोन दिवस राहू शकतो, पण साबणापुढे त्याचं काही चालत नाही. नेहमीच्या भांड्याच्या साबणाने घासा, मग हात धुवा, बास. उकळत बसायची गरज नाही.

मेसेज वाचलाय पण उत्तर नाही. रागावली असेल का?

झोपली असेल. पण एकटं राहणाऱ्या माणसाच्या बाबतीत गप्प बसू नका. आम्ही ठरवलं होतं की सकाळी नऊ आणि रात्री नऊ, तिने फक्त एक टिंब टाकायचं. टिंब आलं नाही तर मी एकदा फोन करणार, तो उचलला नाही तर शेजारच्या काकूंना. त्यांचा नंबर मी पहिल्याच दिवशी मागून घेतला होता. शुक्रवारी सकाळी टिंब आलं नाही, फोन उचलला नाही, काकूंनी जोरजोरात बेल वाजवली तर बाईसाहेब फोन सायलेंटवर टाकून घोरत होत्या आणि ताप उतरला होता. काकूंना वाईट वाटलं नाही, उलट त्यांनी दुपारी ताकाची कढी नेऊन दिली.

कुठल्या गोष्टी दिसल्या तर डबा बाजूला ठेवून हॉस्पिटल गाठायचं?

बोलताना धाप लागतेय, एक वाक्य एका दमात पुरं होत नाही. छातीत दुखतंय. बोलणं असंबद्ध, म्हणजे वार विचारला तर गोंधळतेय. आठ तासांत लघवीच झाली नाही. ऑक्सिमीटरवर ९४ च्या खाली. आणि एक फसवी खूण आहे ती नीट ऐका: ताप उतरला, दिवसभर बरं वाटलं, आणि मग परत थंडी वाजून ताप आणि खोकल्यातून पिवळा-हिरवा कफ. याला लोक "फ्लू उलटला" म्हणून घरीच पडून राहतात, पण तो वरून झालेला न्यूमोनिया असू शकतो. यातलं काहीही असलं तर मेसेज नाही, फोन, आणि गाडी नसेल तर १०८.

म्हणूनच रोज सूपाबरोबर मी एक प्रश्न विचारायचे, "आज काल पेक्षा बरं, तेवढंच, की वाईट?" ताप किती विचारलं की लोक "आहे थोडा" म्हणतात, कालच्याशी तुलना करायला लावली की खरं बोलतात.

किती दिवस डबा द्यायचा?

मी तीन दिवस दिला. गुरुवारी कढण, शुक्रवारी चिकन सूप (श्रावण ती पाळत नाही, विचारलं होतं), शनिवारी तिनेच लिहिलं "आता पातळ काही आणलंस तर फेकून मारेन, पोहे आण". भूक परत आली की सूप बंद, पोहे, वरणभात, पोळी सुरू. पण सामानाची मदत अजून चारपाच दिवस चालू ठेवा, कारण ताप गेल्यावर सगळे मेसेज बंद होतात आणि थकवा तर तेव्हाच कळतो, दोन जिने चढले की बसावं लागतं. ऑफिसला जायचं तर गोळी न घेता २४ तास ताप आला नसेल तरच.

पैसे आणि डबे, हे कसं मागायचं?

सूपाचे पैसे नाही घ्यायचे, सामानाचे घ्यायचे. उगाच "राहू दे गं" म्हणू नका, नाहीतर पुढच्या वेळी ती काही सांगणारच नाही. बिलाचा फोटो टाका आणि लिहा "बरी झालीस की पाठव". आमचे ४८६ रुपये झाले होते, तिने ५०० पाठवले आणि मेथीचे कापले नाहीत म्हणून मला ऐकवलं.

डब्यांचं मात्र आधीच सांगून टाका, "रिकामा दे, धुऊ नको, मी नेईन". आपल्याकडे रिकामा डबा परत द्यायचा नाही म्हणून आजारातून उठलेली बाई आधी शिरा करायला घेते. माझ्या मैत्रिणीने साखर घालून दिला, एक झाकण मात्र अजून तिच्याकडेच आहे, निळ्या क्लिपचं, मोठ्या डब्याचं.